स्पर्शिका आणि वर्गबहुपदी: उत्तर कितपत बरोबर, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: f(x) = (2x+1)/(x−1) या फंक्शनची x = 2 जवळची किंमत आधी स्पर्शिकेने आणि मग वर्गबहुपदीने काढायची आहे. दोन्ही सूत्रं मिळाली, पण उत्तर कितपत बरोबर आहे हे कसं सांगायचं? आणि वर्गबहुपदी नेहमीच जास्त अचूक असते ना?

उत्तर:

नेहमीच नाही. 2 च्या जवळ असते, पण लांब गेलात तर तीच स्पर्शिकेपेक्षा जास्त चुकते. हा "लांब" म्हणजे नेमका किती, ते तुमच्याच फंक्शनमधून काढता येतं.

डेरिव्हेटिव्ह घेण्याआधी भागाकार करून टाका. 2x+1 ला x−1 ने भागलं की भागाकार 2 आणि बाकी 3, म्हणजे f(x) = 2 + 3/(x−1). आता पहिला डेरिव्हेटिव्ह −3/(x−1)² आणि दुसरा 6/(x−1)³ हे तोंडी निघतात, भागाकाराचा नियम लावून पानभर खटपट करावी लागत नाही. x = 2 ला किंमत 5, पहिला डेरिव्हेटिव्ह −3, दुसरा 6. x−2 ला h म्हणू या. मग

स्पर्शिका: L = 5 − 3h
वर्गबहुपदी: Q = 5 − 3h + 3h²

h² चा सहगुणक 6 नाही, 3 आहे, कारण दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला 2 ने भागायचं असतं. या प्रकारच्या गणितात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ती पकडायची युक्ती पुढे येतेच आहे.

आता x = 2.1 घ्या. खरी किंमत 2 + 3/1.1, म्हणजे 4.7273. स्पर्शिका 4.7 देते, वर्गबहुपदी 4.73. स्पर्शिका सुमारे 0.027 ने कमी पडली, वर्गबहुपदी सुमारे 0.0027 ने जास्त झाली. चूक बरोबर दहापट कमी झाली आणि h होता 0.1. हा योगायोग नाही.

परिमेय फंक्शनची मोठी सोय अशी की चुकीचा नुसता अंदाज करत बसायची गरज नसते, ती तंतोतंत काढता येते. फंक्शन "अंश भागिले छेद" असं आहे आणि आपली बहुपदी T आहे, तर चूक = (अंश − T × छेद) / छेद. तुमच्या गणितात h वापरून लिहिलं तर अंश 5+2h आणि छेद 1+h. वर्गबहुपदीसाठी:

(5 + 2h) − (5 − 3h + 3h²)(1 + h) = −3h³

म्हणून f − Q = −3h³/(1+h). तसंच स्पर्शिकेसाठी f − L = 3h²/(1+h) येतं. कागदावर एकदा स्वतः गुणून पाहा. स्थिर पद, h चं पद आणि h² चं पद एकमेकांत उडून जायलाच हवीत, फक्त h³ उरायला हवं. समजा तुम्ही 3h² ऐवजी 6h² लिहिलं असतं, तर इथे −3h² − 6h³ उरलं असतं. h² शिल्लक दिसलं की समजायचं, कुठेतरी सहगुणक चुकलाय. परीक्षेत पडताळा घ्यायला मला याहून चांगली रीत माहीत नाही.

या दोन सूत्रांमध्ये तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर आहे. वर्गबहुपदीची चूक म्हणजे स्पर्शिकेची चूक गुणिले −h. म्हणून h = 0.1 ला चूक दहापट कमी झाली आणि चिन्हही उलटलं. h = 0.5 ला खरी किंमत 4, स्पर्शिका 3.5, वर्गबहुपदी 4.25: फायदा फक्त दुप्पट. h = 1 ला, म्हणजे x = 3 ला, खरी किंमत 3.5 असताना स्पर्शिका 2 सांगते आणि वर्गबहुपदी 5, दोन्ही सारख्याच चुकतात. आणि x = 3.5 ला खरी किंमत 3.2, स्पर्शिका 0.5, तर वर्गबहुपदी 7.25. इथे जादा पद घेऊन नुकसानच झालं.

ही सीमा 1 वरच का आली? कारण 2 पासून छेद शून्य होण्याची जागा, x = 1, बरोबर 1 अंतरावर आहे. h लहान की मोठा हे त्या अंतराच्या तुलनेत ठरतं. छेद 0.01 अंतरावर शून्य होत असता, तर h = 0.1 हासुद्धा खूप मोठा ठरला असता. शिवाय दोन्ही बाजू सारख्या नाहीत: 1+h छेदात असल्यामुळे x = 1 च्या दिशेला चूक जास्त. 1.9 ला वर्गबहुपदीची चूक 0.0033 आहे, 2.1 ला 0.0027.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आलेखावर उभी अनंतस्पर्शी रेषा दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. 1/(1+x²) चा छेद कुठल्याही वास्तव x ला शून्य होत नाही, तरी x = 0 जवळची तिची वर्गबहुपदी 1 − x² ही x = 2 ला −3 देते. खरी किंमत 0.2 आहे, आणि साधी आडवी स्पर्शिका 1 सुद्धा तिच्या जास्त जवळ आहे. छेद i आणि −i या संमिश्र संख्यांना शून्य होतो. त्यांचं 0 पासूनचं अंतर 1, आणि सीमा तिथेच पडते.

पेपरात "चुकीची कमाल मर्यादा काढा" असं विचारलं तर बहुधा टेलरचं शेषपद अपेक्षित असतं: तिसऱ्या डेरिव्हेटिव्हची त्या अंतरालातली सगळ्यात मोठी किंमत, भागिले 6, गुणिले |h|³. इथे तिसरा डेरिव्हेटिव्ह −18/(x−1)⁴. 1.9 ते 2.1 या अंतरालात तो आकाराने 1.9 ला सगळ्यात मोठा, सुमारे 27.4. बरेच जण तो 2 लाच मोजतात आणि 18 घेतात. मग मर्यादा 0.003 येते, आणि 1.9 ला खरी चूक त्याहून जास्त आहे, म्हणजे ती मर्यादाच खोटी ठरते. 27.4 घेतलं तर 0.0046 मिळतं. खऱ्या चुकीपेक्षा जरा सैल, पण खात्रीचं.

उलट विचारलं, की चूक 0.01 च्या आत राहायला x कुठवर चालेल, तर वरची तंतोतंत सूत्रंच वापरा. स्पर्शिका साधारण 1.944 ते 2.059 इतकीच चालते, वर्गबहुपदी 1.86 ते 2.15. एका जादा पदाने वापरण्याजोगा टापू अडीचपट रुंद झाला. चूक 0.5 पर्यंत चालणार असेल तर हा फायदा बराच आटतो: उजवीकडे स्पर्शिका 2.5 पर्यंत पोचते आणि वर्गबहुपदी जेमतेम 2.65 च्या पुढे.