टेक्स्ट झालेल्या तारखा वर्षानुसार लावताना: आधी कॉलम नीट बघा

*प्रश्न: आमच्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये घेतली आहे. तारखा 23/02/1987 अशा आहेत, पण टेक्स्ट म्हणून बसल्यात. सॉर्ट केलं की सगळ्या वर्षांच्या 01 तारखा आधी येतात. वर्षाप्रमाणे कसं लावायचं? सेल फॉरमॅट बदलून काही होत नाही.*

तुमची पोस्ट वाचली आणि आठ वर्षांपूर्वीचा तो पावसाळा आठवला. आमचंही गावातलं वाचनालय, आमचीही दाखल नोंदवही, आणि हाच कॉलम. (मी संगणकवाला नाही, हिशेब-नोंदी करणारा माणूस. जे सांगतोय ते स्वतः भोगलेलं आहे. करायच्या आधी फाइलची प्रत काढून ठेवा. मी काढली नव्हती.)

आधी तो कॉलम नुसता बघा. अलाइनमेंटला कोणी हात लावला नसेल तर टेक्स्ट डावीकडे चिकटतो आणि खरी तारीख उजवीकडे. सगळ्याच नोंदी डावीकडे असतील तर तुम्ही नशीबवान, पुढचं काम दहा मिनिटांचं. शेजारी एक रिकामा कॉलम घ्या आणि त्यात हे टाका:

```
=RIGHT(A2,4)&MID(A2,4,2)&LEFT(A2,2)
```

23/02/1987 चं 19870223 होतं. वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस, त्यामुळे साधं A ते Z लावलं तरी क्रम बरोबर येतो. फक्त प्रत्येक तारीख दहा अक्षरी हवी. कुणी 5/3/1987 असं लिहिलं असेल तर हा फॉर्म्युला तिची वाट लावतो. म्हणून आधी `=LEN(A2)` लावून दहा नसलेल्या ओळी हाताने सुधारा. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात शेवटी न दिसणारी स्पेस असते, तीही इथेच पकडली जाते.

बरेच जण `Text to Columns` सांगतील. वाईट नाही. पण तिसऱ्या पायरीवर `Date` पुढे जो क्रम निवडायचा असतो, तो तुमच्याकडे आत्ता तारीख कशी लिहिली आहे त्याचा, म्हणजे `DMY`. आपल्याला वर्ष पुढे हवंय म्हणून लोक तिथे `YMD` निवडतात आणि मग एक्सेलला शिव्या देतात. शिवाय जुन्या वाचनालयांसाठी मला तो मार्ग पटत नाही, कारण एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. आमच्या पहिल्या नोंदी १८९७ च्या. `=DATE(1897,3,12)` दिलं तर एक्सेल त्या १८९७ मध्ये १९०० मिळवतं आणि तारीख येते सन ३७९७ ची! सगळ्यात जुनं पुस्तक यादीच्या तळाशी. वरच्या टेक्स्टच्या कॉलमला असल्या गोष्टींशी देणंघेणं नसतं.

आता मी काय केलं ते. कुठेतरी वाचलं होतं की `Ctrl+H` मध्ये / च्या जागी / च टाकलं की एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि तारखा जाग्या होतात. केलं. अर्धा कॉलम टपकन उजवीकडे सरकला. मी खूश, सेव्ह केलं, चहा प्यायलो. त्या संगणकाचं रीजन अमेरिकेचं होतं हे मला कोण सांगणार? तिथे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे 05/11/1994, म्हणजे आपली ५ नोव्हेंबर, एक्सेलने ११ मे समजून घेतली. 23/02/1987 मध्ये तेविसावा महिना नसतो म्हणून ती टेक्स्टच राहिली. म्हणजे बारापर्यंतचे दिवस उलटले, तेरापासूनचे तसेच. सॉर्ट केलं की दोन ढीग: आधी खऱ्या तारखा, त्यांच्या खाली टेक्स्ट.

हे झालंय का ते ओळखायची खूण अशी. उजवीकडे सरकलेल्या सगळ्या नोंदींचा `DAY()` काढा. एकही आकडा बारापेक्षा मोठा नसेल आणि डावीकडे उरलेल्या सगळ्या तेरापासून पुढच्या असतील, तर तुमचीही उलटलेली आहे. तेवढंच झालं असेल तर हे पुरतं:

```
=IF(ISNUMBER(A2),TEXT(A2,"yyyyddmm"),RIGHT(A2,4)&MID(A2,4,2)&LEFT(A2,2))
```

`ddmm` मुद्दाम उलटं आहे. एक्सेल ज्याला दिवस समजतंय तो आपला महिना आहे.

पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. मला पत्ता लागेपर्यंत एक स्वयंसेवक मुलगा आठवडाभर त्याच फाइलमध्ये पुढच्या नोंदी भरत होता, स्वतःच्या लॅपटॉपवर, भारताच्या रीजनमध्ये. त्याच्या तारखा बरोबर होत्या. मी उजवीकडच्या सगळ्या तारखांवर `DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))` फिरवलं, व्हॅल्यू म्हणून चिकटवलं आणि त्याच्याही उलटवल्या. त्याची 23/02/1996 झाली 02/11/1997, कारण एक्सेल तेविसावा महिना नाकारत नाही, पुढच्या वर्षात ढकलतं. चूक दाखवत नाही, लाल होत नाही, काही नाही. ती यादी आम्ही अनुदानाच्या कागदांसोबत जोडली.

कार्यालयातून परत आली. शेरा एकच, ‘तारखा तपासून सादर करा’. कुठल्या? हजारो ओळी आहेत. दोनदा एसटीने गेलो. पहिल्यांदा संबंधित साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा ‘तुम्हीच बघा, आम्ही कुठे कुठे बघणार’. मला वाटतं त्यांनी एकच ओळ पाहिली असेल आणि बाकी माझ्यावर सोडलं असेल. असो, मूळ चूक माझी होती.

सुटका केली ती दाखल क्रमांकाने. क्रमांक चढत जातो तशी तारीखही पुढेच जायला हवी, मागे येता कामा नये. मूळ वहीत ते दोन कॉलम शेजारी असतातच. मी क्रमांकाप्रमाणे लावलं, त्या मुलाने कुठल्या क्रमांकापासून भरलं ते विचारून घेतलं आणि त्या रेषेच्या वर-खाली वेगळे फॉर्म्युले लावले. पुढच्या वर्षात ढकललेल्या शेवटी वहीवरूनच बघाव्या लागल्या. चार संध्याकाळी गेल्या.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: मूळ तारखेच्या कॉलमला हातच लावू नका. वर्षाचा कॉलम शेजारी वेगळा ठेवा आणि सॉर्ट त्यावर करा. सॉर्ट करताना सगळे कॉलम निवडलेले असू द्या, हे वेगळं सांगायला नको. आकड्यासारखा टेक्स्ट आकडा म्हणून लावू का असं एक्सेलने विचारलं तर काहीही निवडा, सगळे आठ अंकी असल्यामुळे क्रम तोच येतो. वर्ष दोनच अंकी लिहिलेलं असेल तर मात्र थांबा. एक्सेल सहसा 29 पर्यंत २०२९ समजतं आणि 30 पासून १९३०, त्यामुळे १९२८ चं पुस्तक २०२८ मध्ये जातं. तिथे वही उघडावीच लागते.

यादी कुठेही देण्याआधी दाखल क्रमांकाप्रमाणे लावून, वर्षाचा कॉलम D मध्ये असेल तर, E3 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(D3<D2,"बघा","")
```

माझ्या फाइलमध्ये पहिल्यांदा लावलं तेव्हा पडदाभर ‘बघा’ होतं. आता तीन उरलेत, आणि त्या तिन्ही ठिकाणी वहीतच तशी नोंद आहे. १९५३ मध्ये कुणीतरी भेट आलेली पुस्तकं मागाहून चढवली होती.