पीएमपीचा मासिक पास की रोजचं तिकीट?

१,५०० चा मासिक पास परवडतो का? ऑफिस १२ किलोमीटरवर, एकच बस.

एका बाजूचे ३० रुपये, म्हणजे महिन्यात ५० फेऱ्या झाल्या तर पास बरोबरीत येतो. दिवस मोजू नका, फेऱ्या मोजा. मी महिनाभर तिकिटं डब्यात साठवली. हजेरी २१ दिवसांची होती, पण तिकिटं निघाली ३८ च. चार संध्याकाळी सहकाऱ्याच्या गाडीतून आलो होतो, हे विसरूनच गेलो होतो! खर्च १,१४०. पास काढला असता तर ३६० रुपये पाण्यात. बस बदलावी लागत असेल तर मात्र गणित फिरतं. २०-२० ची दोन तिकिटं, जाऊन-येऊन ८०. तिथे आधी ७० चा दैनिक पास बघा. असे २२ दिवस भरले तरच मासिक घ्या.