परराष्ट्र धोरण कशावरून ठरतं?

प्रश्न: देशाचं परराष्ट्र धोरण भूगोल, अर्थव्यवस्था आणि सुरक्षा यांवरून ठरतं असं पुस्तकात दिलंय. म्हणजे नेमकं कसं? एखादं उदाहरण द्याल का?

उत्तर: मी वाशीम जिल्ह्यात नागरिकशास्त्र शिकवतो आणि घरी तूर पेरतो, म्हणून वर्गात उदाहरण म्यानमारचं देतो. बाजार समितीत अडत्यांच्या तोंडी ‘लेमन तूर’ हा शब्द असतो. ती म्यानमारची तूर, अन् तिच्या आवकेचा परिणाम आमच्या लिलावावर होतो.

आधी नकाशा काढा. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांची मिळून १,६४३ किलोमीटर सीमा म्यानमारला लागून आहे. सगळा डोंगर आणि जंगल, कित्येक ठिकाणी दोन्हीकडे एकाच जमातीची माणसं. अशी सीमा फक्त आपल्या बाजूनं राखता येत नाही.

१९८८ मध्ये तिथल्या लष्करानं लोकशाहीचं आंदोलन चिरडलं, तेव्हा भारत उघडपणे आंदोलकांच्या बाजूनं उभा राहिला. पण ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ त्याच जंगलात होते, लष्कराशी बोलणं तुटलेलं, आणि चीन तिथं पाय रोवत होता. मग पंतप्रधान नरसिंह रावांच्या काळात (हे आपल्या रामटेकमधून दोनदा खासदार झालेले) भारतानं त्याच लष्कराशी बोलणी सुरू केली. १९९५ मध्ये मिझोरामच्या सीमेवर बंडखोरांविरुद्ध दोन्ही सैन्यांनी मिळून मोहीम केली. लोकशाहीबद्दलची आस्था खोटी नव्हती, पण सुरक्षेचं पारडं जड झालं.

आता अर्थव्यवस्था. आपण जेवढी डाळ खातो, तेवढी तूर-उडीद इथं नेहमी पिकत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याचा निषेध करणारा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्याच महिन्यात सरकारनं म्यानमारातून पाच वर्षं, दरवर्षी एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद आणायचं जाहीर केलं. डाळीसाठीच तटस्थ राहिलो असं मी म्हणणार नाही, सीमा आणि बंडखोर होतेच. पण एकाच महिन्यातले हे दोन निर्णय शेजारी ठेवले की तिन्ही घटक एकाच वेळी काम करताना दिसतात.

पुस्तकात एक गोष्ट राहून जाते. ‘राष्ट्रीय हित’ सगळ्यांचं सारखं नसतं. शहरातल्या घराला डाळ स्वस्त हवी आणि आमची तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते तेव्हा आम्हाला भाव हवा. म्यानमारचं पीकही साधारण त्याच सुमारास निघतं. म्हणून पेपरात तीन घटकांची नुसती यादी देऊ नका. एक देश घ्या, कोणत्या वर्षी कोणता घटक भारी पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, तेवढं लिहा.