स्लोप आला, पण ± कुठून आणायचं?

साध्या लंबकाचा आलेख एक्सेलमध्ये काढला, ट्रेंडलाइन टाकली, समीकरण आलं y = 4.0354x + 0.0478. सरांनी जर्नलवर लाल पेनने लिहिलं, "± कुठे आहे?" ते ट्रेंडलाइनमध्ये कुठे दिसतं?
— प्रथम वर्ष बी.एस्सी., कोथरूड

ट्रेंडलाइनमध्ये ते दिसतच नाही. ती फक्त रेषा काढून देते. अनिश्चितता हवी असेल तर LINEST वापरावं लागतं. तुम्ही पाठवलेली वाचनं अशी आहेत: डावीकडे लांबी मीटरमध्ये, उजवीकडे आवर्तकालाचा वर्ग. प्रत्येक लांबीला ५० आंदोलनं मोजली आहेत.

```
L (m)   T² (s²)
0.50    2.065
0.60    2.471
0.70    2.868
0.80    3.283
0.90    3.674
1.00    4.085
```

लांबी A2:A7 मध्ये आणि T² B2:B7 मध्ये आहे असं धरा. एका रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=LINEST(B2:B7, A2:A7, TRUE, TRUE)
```

आधी उभ्या अक्षाची वाचनं, मग आडव्या अक्षाची. क्रम उलटला तर स्लोप ०.२४८ च्या आसपास येतो, आणि घाईत तो तसाच जर्नलमध्ये उतरतो. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये उत्तर आपोआप पाच ओळी, दोन रकाने एवढं पसरतं. लॅबमधल्या पीसीवर जुनं एक्सेल असेल, तर आधी तेवढे दहा सेल निवडून सूत्र टाइप करा आणि Ctrl+Shift+Enter दाबा.

पहिल्या ओळीत स्लोप ४.०३५४ आणि इंटरसेप्ट ०.०४७८. त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्या ओळीत दोघांच्या स्टँडर्ड एरर, ०.०१२४ आणि ०.००९५. सर विचारत आहेत तो आकडा म्हणजे ०.०१२४.

तिसऱ्या ओळीतला उजवीकडचा आकडाही बघा, ०.००५२. बिंदू रेषेपासून साधारण किती वर-खाली आहेत ते तो सांगतो. तो पटण्याजोगा आहे का, हे ताडून पाहता येतं. मोजपट्टी १ मिलिमीटर चुकली तर T² मध्ये ०.००४ चा फरक पडतो. ५० आंदोलनांच्या वेळेत अंगठा ०.०७ सेकंद मागे-पुढे झाला तर ०.००५ चा. म्हणजे हा विखुरलेपणा मोजपट्टीचा आणि अंगठ्याचा आहे. इथे ०.०५ आलं असतं तर कुठलं तरी वाचन उतरवताना चुकलंय असं मी म्हटलं असतं.

मग स्लोप 4.03543 ± 0.01241 असा लिहायचा का? आणि g ची अनिश्चितता कशी काढायची?
— तीच वाचक

एवढे अंक नकोत. सहा वाचनांवरून काढलेली स्टँडर्ड एरर स्वतःच काही फार पक्की नसते, त्यामुळे तिचे एक किंवा दोन अंक पुरतात. ती ज्या स्थानावर थांबते तिथेच स्लोपही थांबवा: ४.०३५ ± ०.०१२ s²/m. एकक विसरलात तर दुसरा लाल शेरा ठरलेला.

g = 4π²/स्लोप. इथे स्लोपने नुसता भागाकार आहे, म्हणून स्लोपची टक्केवारी तीच g ची. ०.०१२४ भागिले ४.०३५ म्हणजे ०.३ टक्के. g येतो ९.७८ ± ०.०३ m/s². राउंड-ऑफ मात्र शेवटी करा, मधल्या पायरीवर नाही.

± म्हणजे काय तेही एका ओळीत लिहा: "एक स्टँडर्ड एरर". ९५ टक्क्यांची मर्यादा मागितली असेल तर पुष्कळ जण दुपटीने गुणतात. सहा वाचनांना ते कमी पडतं. सहातून स्लोप आणि इंटरसेप्ट असे दोन वजा करून उरले चार, आणि चारसाठी गुणक २.७८ आहे. =T.INV.2T(0.05,4) लिहिलं की शीटच तो देते.

लांबी शून्य तर आवर्तकालही शून्य. मग रेषा ओरिजिनमधूनच जायला हवी ना? पार्टनरने Set Intercept मध्ये 0 टाकलं, तर R² आणखी वाढला. पण g 9.64 आला.
— प्रथम वर्ष, शिवाजीनगर

R² वाढला याने फसू नका. इंटरसेप्ट शून्यावर बांधला की LINEST R² वेगळ्या तऱ्हेने काढतं. अंतरांच्या वर्गांची बेरीज सरासरीपासून न धरता शून्यापासून धरली जाते, त्यामुळे रेषा वाईट बसली तरी आकडा फुगतो. वर कोथरूडहून आलेल्या वाचनांवर मी हेच करून पाहिलं. मोकळ्या रेषेचा R² ०.९९९९६, बांधलेल्या रेषेचा ०.९९९९९. बांधलेल्या रेषेचा स्लोप ४.०९६, स्टँडर्ड एरर ०.००७, म्हणजे आधीच्या जवळपास निम्मी. g ९.६४ ± ०.०२. पुण्यात g सुमारे ९.७८ आहे, तेव्हा हे उत्तर आत्मविश्वासाने चुकलेलं आहे.

ओरिजिनचं तुमचं म्हणणं सिद्धांतात बरोबर आहे, पण त्यातली लांबी टेकूपासून गोलकाच्या केंद्रापर्यंतची आहे. प्रॅक्टिकलला बहुतेक जण दोरा हुकापर्यंत मोजतात. मग प्रत्येक लांबी सारखीच कमी भरते, स्लोप तोच राहतो आणि सगळी रेषा वर सरकते. मोकळ्या रेषेचा इंटरसेप्ट ०.०४८ ± ०.०१० होता, म्हणजे शून्यापासून पाच स्टँडर्ड एरर दूर. त्याला योगायोग म्हणता येत नाही. ०.०४८ ला ४.०३५ ने भागा, ०.०१२ मीटर येतात. आता व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि हुकापासून गोलकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर काढा. १.२ सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर इंटरसेप्टचा उलगडा झाला. व्हायव्हाला हे सांगितलंत तर परीक्षक पुढचा प्रश्न बहुधा सोपा विचारतील.

आमचे बिंदू रेषेवर अगदी चिकटून आहेत, R² 0.9998. २० आंदोलनं मोजली. g = 10.84 ± 0.04. आता वाचनं कशी सुधारू?
— द्वितीय वर्ष, हडपसर

वाचनं सुधारू नका, मोजणी तपासा. गोलक सोडताना स्टॉपवॉच दाबून तुम्ही "एक" म्हणता का? तिथे "शून्य" म्हणायचं असतं. "एक" पासून सुरू केलं तर "वीस" म्हणताना खरी १९ आंदोलनं झालेली असतात. आवर्तकाल १९/२० पट निघतो, त्याचा वर्ग ०.९०२५ पट. १०.८४ ला ०.९०२५ ने गुणा, ९.७८ येतात.

सगळीच वाचनं एकाच पटीने लहान झाली की बिंदू रेषेवरच राहतात. R² बदलत नाही, स्टँडर्ड एररची टक्केवारीही बदलत नाही. LINEST बिंदूंचा विखुरलेपणा पाहतं, सगळ्यांना सारखी लागलेली चूक त्याला दिसत नाही. ताणली गेलेली कापडी टेपही असंच करते. त्यावर उपाय सूत्रात नाही: एक लांबी घ्या, १० आणि मग ३० आंदोलनांची वेळ मोजा आणि फरकाला २० ने भागा. मोजणीतला जादाचा "एक" वजाबाकीत उडून जातो. शंका खरी ठरली तर सगळ्या वेळांना २० ऐवजी १९ ने भागा, आणि तसं केल्याचं जर्नलमध्ये स्पष्ट लिहा.

g 9.78 आला, पण पुस्तकात 9.81 आहे. एक वाचन वगळलं तर 9.80 होतं. वगळू का?
— बारावी, सिंहगड रोड

नाही. ९.८१ पुण्याचा नाहीच, तो इथून बराच उत्तरेकडचा आहे. विषुववृत्ताच्या जवळ g कमी असतो.