कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत परीक्षक खरं काय बघतात?

प्रश्न: आम्ही चौघे एसवायला आहोत, पुण्यात. कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत कोथरूडच्या होस्टेल आणि पीजीतल्या मुलांसाठी रात्रीच्या डब्याची कल्पना मांडतोय. परीक्षक नेमकं काय बघतात आणि मुलं कुठे मार खातात?

उत्तर: आधी गुणांचा तक्ता आयोजकांकडून मागून घ्या, कारण प्रत्येक स्पर्धेत वजन वेगळं असतं. तरी चुरस असते तिथे निकाल बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर फिरतो: एका डब्यामागे हातात काय उरतं, आणि ते तुम्हाला न अडखळता सांगता येतं का. डिझाइन, लोगो, अ‍ॅपचे स्क्रीन यांवर परीक्षक फार वेळ घालवत नाहीत.

तुमचाच डबा घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा. किंमत ९० रुपये, कच्चा माल ४५. बहुतेक टीम इथेच थांबतात आणि स्लाइडवर ‘५० टक्के नफा’ असं ठळक लिहितात. पण डबा पोहोचवायला १५ रुपये, गॅसचे ५, डबे धुणं, हरवणं, झाकणं तुटणं याचे ५. म्हणजे खर्च झाला ७० आणि उरले २०. जागेचं भाडं, स्वयंपाकाच्या मावशी, हाताखालची बाई आणि लाइटबिल मिळून महिन्याला ४८,००० धरा. हा खर्च एकही डबा गेला नाही तरी होणारच. महिन्याचे २६ दिवस धरले तर तो भरून निघायला रोज ९३ डबे जायला हवेत. ४५ रुपये उरतात असं समजणाऱ्या टीमला हाच आकडा ४२ दिसतो. परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो.

पुढचा खड्डा सुट्ट्यांचा. दिवाळीत आणि मे महिन्यात होस्टेलं रिकामी होतात, घरमालक मात्र भाडं सोडत नाही. वर्षाचे ५,७६,००० दहाच महिन्यांत काढायचे, म्हणजे रोज १११ डबे. बारा महिने सारखी विक्री दाखवणारा तक्ता पुण्यातल्या परीक्षकापुढे टिकत नाही, त्याला इथलं शैक्षणिक वर्ष पाठ असतं. शिवाय तुमच्या चौघांचा पगार यात अजून कुठेच नाही. पहिलं वर्ष घेणार नसाल तर तसं लिहा. गाळलात तर विसरलात असं धरलं जातं.

मग प्रश्न येतो: एवढे डबे पोहोचवणार कसे? मुलं जेवतात साधारण साडेसात ते नऊमध्ये. गेटवर थांबणं, जिने चढणं, ‘दोन मिनिटांत आलो’ हे सगळं धरून एका डब्याला सरासरी ३ मिनिटं लागली, तर दीड तासात एक मुलगा ३० डबे देतो. १११ डब्यांना चार मुलं लागतील. ३० डब्यांचे १५ रुपयांप्रमाणे त्याला दिवसाला ४५० मिळतात, पण पेट्रोल त्याचंच. एवढ्यावर कोण येईल, हे एक-दोघांना विचारूनच स्पर्धेला जा.

बाजारपेठेच्या स्लाइडवर ‘पुण्यात लाखो विद्यार्थी, त्यातले फक्त १ टक्का घेतले तरी’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. परीक्षकांना ते इतक्यांदा ऐकावं लागतं की पुढचं कानात शिरत नाही. त्यापेक्षा एका चौकातून किलोमीटरभर फिरा, होस्टेलं आणि पीजी मोजा, किती खाटा आहेत ते विचारा. स्वतःचं किचन असलेले फ्लॅट वेगळे काढा. छोटा पण मोजलेला आकडा मोठ्या अंदाजाला हरवतो.

तीच गत सर्वेक्षणाची. वर्गातल्या दोनशे जणांनी गूगल फॉर्मवर ‘हो, घेईन’ म्हटलं, याला फारशी किंमत नाही, कारण ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. पंधरा जणांकडून आठवड्याचे पैसे आगाऊ घ्या आणि कुठल्याही मावशींकडून डबे करवून द्या. दुसऱ्या आठवड्यात कितीजणांनी पुन्हा पैसे भरले, तो आकडा स्लाइडवर टाका, तो सहाच असला तरी. उरलेल्या नऊ जणांनी का सोडलं हे त्याखाली लिहिलंत, तर पुढचा अर्धा वेळ परीक्षक त्यावरच बोलतील.

‘आम्हाला स्पर्धक नाही’ ही स्लाइडही काढा. खानावळ, आधीपासून डबा देणाऱ्या काकू, झोमॅटो आणि खोलीतली मॅगी, चारही तुमचे स्पर्धक आहेत. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय नोंदणी कधी करणार, हेही एका ओळीत येऊ द्या.

प्रश्नोत्तरात हमखास विचारतात, ‘भाज्या महागल्या तर?’ माल ५ रुपयांनी वाढला तर उरतात १५, आणि १११ चे होतात १४८ डबे. उलट किंमत १०० केली, तर जुन्या मालभावाने ७४ पुरतात, पण किती मुलं गळतील हे सांगावं लागेल. हिशोबाची शीट लॅपटॉपवर उघडी ठेवा, आणि ती ज्याने केली त्यालाच उत्तर देऊ द्या, सादरीकरण कितीही छान करणारा दुसरा कोणी असला तरी.