कबड्डीची पकड आणि बैठकीतली चित्रफीत: प्रशिक्षकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही संपूर्ण सामना दाखवतो, पण तासाभराने कुणालाच काही आठवत नाही. काय चुकते?

४० मिनिटांच्या सामन्यात सांगण्यासारखे बरेच असते आणि म्हणूनच त्यातले काहीच मनात ठसत नाही. बैठकीपूर्वी एकच वाक्य कागदावर लिहावे, जसे की ‘उजवा कोपरा घोट्यावर झेपावण्याआधी उजवे कव्हर एका पावलाच्या अंतरावर आलेले असावे.’ या वाक्याशी संबंध नसलेली चढाई कितीही देखणी असली तरी वगळावी. तीन-चार तुकडे पुरतात.

प्रश्न: तुकडा कुठून कुठपर्यंत कापावा?

बहुतेक जण पकडीपासून कापतात, पण चुकीचे कारण त्याआधीच घडून गेलेले असते. समजा, कोपऱ्याने घोटा धरला, कव्हर दोन पावले आत उभे राहून चढाईपटूच्या हाताकडे पाहत राहिले आणि चढाईपटूने शरीर लांबवून मध्यरेषा गाठली. हा तुकडा झेपेच्या चार-पाच सेकंद आधी सुरू करावा आणि चढाई संपताच थांबवावा. पहिल्यांदा तो सलग, काही न बोलता दाखवावा. दुसऱ्यांदा झेपेच्या क्षणाआधी थांबवून ‘कव्हरचा पाय कुठे आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर खेळाडूंकडून येऊ द्यावे. वेग कमी करून दाखवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण संथ चित्रात उशिरा आलेली मदतही वेळेवर आल्यासारखी भासते. पाय कसा पडला हे पाहायचे असेल तेव्हाच संथ वेग वापरावा.

प्रश्न: चूक दाखवली की तो खेळाडू मान खाली घालतो.

त्याच कोपरा-कव्हर जोडीची यशस्वी पकड आधी दाखवावी आणि फसलेली तिच्यानंतर. शिवाय त्या खेळाडूला बैठकीपूर्वी एकट्याला बोलावून तुकडा दाखवावा. हे माझ्या मते सर्वात महत्त्वाचे आहे.

प्रश्न: आमच्याकडे एकच मोबाइल आहे. बाजूने चित्रीकरण पुरेल का?

या विषयासाठी नाही. बाजूने पाहताना कोपरा आणि कव्हर एकमेकांआड येतात आणि त्यांच्यातले अंतर कळत नाही. मोबाइल आपल्या अंगणाच्या अंतिम रेषेमागे, शक्य तितक्या उंचावर ठेवावा आणि मध्यंतरानंतर अंगण बदलले की तोही हलवावा.

प्रश्न: मुद्दा समजला की नाही, हे कसे ओळखावे?

बैठकीनंतर लगेच मॅटवर त्याच कोपऱ्याकडे दहा चढाया करवून घ्याव्यात आणि झेपेच्या वेळी कव्हर किती वेळा जवळ होते तेवढेच मोजावे, पकड यशस्वी झाली की नाही ते नव्हे. कव्हरला कुठे असायला हवे हे सांगता येते, पण पोहोचता येत नाही, असे दिसले तर आणखी तुकडे दाखवून उपयोग नाही. तिथे पदलालित्यावर किंवा कोपऱ्याने द्यायच्या इशाऱ्यावर काम करावे लागते.