सोन्यात दिलेला शब्द आणि रुपयातला पगार

प्रश्न: रुपया पुन्हा सोन्याला बांधला तर महागाई कायमची थांबेल ना? मग अर्थतज्ज्ञ एवढे विरोधात का? मी तर मामांकडून उसने घेतोय तेही सोन्यातच ठरवतोय, तोळ्याला तोळा. कागदी नोटांपेक्षा हे बरं.

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मी अर्थतज्ज्ञ नाही, आधीच सांगतो. पण हाच 'तोळ्याला तोळा' मला सात वर्षं पुरला.

२००५ साली फ्लॅटचं डाउन पेमेंट कमी पडत होतं. मावशीने पाटल्या आणि तोडे मिळून दहा तोळे काढून दिले. व्याज नको म्हणाली, जमेल तेव्हा दहा तोळे परत कर. तेव्हा भाव तोळ्याला सात हजारांच्या आसपास (तोळा म्हणजे इथे सराफाचा, १० ग्रॅमचा). घट वजा जाऊन हातात सत्तर हजारांहूनही कमीच आले. २०१२ मध्ये तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भाव एकतीस हजार. म्हणजे तीन लाख दहा हजार, वर घडणावळ. बँकेत गेलो. तीन खेपा, तीन वेगवेगळे अर्ज, आणि शेवटी 'सोनं विकत घ्यायला कर्ज देत नाही'. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, पण जाऊ दे.

तुम्ही म्हणाल, रुपयाच सोन्याला बांधलेला असता तर पगारही सोन्यातच वाढला असता. मीही तसंच म्हणायचो. मग एकदा पगार ग्रॅममध्ये मोजला. २००५ ला वीस हजार, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम. २०१२ ला पंचेचाळीस हजार, म्हणजे साडेचौदा ग्रॅम. रुपयात दुपटीहून जास्त, सोन्यात निम्मा. सोन्यावरच्या चलनात मालकाला माझा पगार निम्मा करावा लागला असता, आणि कर्ज मात्र दहाच्या दहा तोळे राहिलं असतं. (सगळं जगच सोन्यावर असतं तर भाव इतका उडाला नसता, हे मान्य. पण दिशा हीच राहते. १८७३ ते १८९६ या काळात जग सुवर्णमानाकडे, म्हणजे ठरलेल्या भावाने नोटेबदली सोनं द्यायच्या पद्धतीकडे वळलं, सोनं मात्र अपुरं होतं. दोन दशकं वस्तूंचे भाव घसरत राहिले आणि कर्जबाजारी अमेरिकन शेतकरी पिचून गेले.)

पगार कमी करून बघायचा प्रयोग खरोखर झालेला आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडने सुवर्णमान सोडला होता. १९२५ मध्ये अर्थमंत्री चर्चिलने तो परत आणला, तोही युद्धाआधीच्याच दराने, एका पौंडाला ४.८६ डॉलर. दरम्यान इंग्लंडमधल्या किमती आणि मजुरी बऱ्याच वर गेल्या होत्या. इंग्लिश अर्थतज्ज्ञ केन्सच्या अंदाजाने पौंड १० टक्के महाग बांधला गेला. मग इंग्लिश कोळसा परदेशात महाग पडू लागला. चलनाचा दर हलवायचा नाही असं ठरल्यावर कमी करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मजुरी. खाणमालकांनी तेच करायचं ठरवलं. मे १९२६ मध्ये नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. खाणकामगार त्यानंतरही कित्येक महिने बाहेर होते. दहा टक्के सांगायला सोपं, पण ते कुणाच्या तरी पाकिटातून यावे लागतात आणि माणूस ते सुखासुखी देत नाही.

आपल्याकडे तर याची झळ थेट कापसाला लागली. १९२७ च्या कायद्याने रुपया १८ इंग्लिश पेन्सला बांधला. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास चलन आयोगाचे सदस्य होते. त्यांनी भिन्नमत नोंदवून १६ पेन्स मागितले होते. दोन पेन्सचं काय एवढं? १४४ पेन्सचा कापूस धरा. १६ च्या दराने त्याचे ९ रुपये होतात, १८ च्या दराने ८. शेतसारा आणि सावकाराचं देणं मात्र रुपयातच, तेवढंच. मग १९२९ नंतर मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१ मध्ये रुपया पौंडाला बांधलेला असताना पौंडाचीच सोन्याशी बांधलेली गाठ सुटली, सोन्याचा रुपयातला भाव चढला, आणि घराघरातले दागिने मोडून मुंबईच्या बंदरातून बोटींनी लंडनला जाऊ लागले. मावशीच्या तोड्यांसारखेच असतील त्यातले कितीतरी.

आता दुसरी बाजू, कारण ती मूर्खांची नाही. सरकारला हवे तेवढे पैसे छापता येऊ नयेत, हा मुद्दा खराच आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयावरच्या ग्रंथात हीच काळजी मांडली होती. सरकारच्या मर्जीवर चालणारं चलन त्यांना नको होतं आणि सोन्याकडे त्यांचा कल होता. १९१४ पूर्वीची काही दशकं देशादेशांतले विनिमय दर स्थिर होते, व्यापाऱ्याला दहा वर्षांपुढचा हिशेब करता यायचा. ज्याने महागाईत बापाची पेन्शन विरघळताना पाहिली, त्याला सोनं आवडणारच.

पण चलनाला सोन्याशी बांधून ठेवतं ते शेवटी एक सरकारी वचनच असतं, आणि वचन मोडता येतं. १९१४ ला मोडलं, १९३१ ला मोडलं, १९३३ ला अमेरिकेने लोकांकडची सोन्याची नाणी आणि लगडी जमा करून घेतल्या, १९७१ ला अमेरिकन अध्यक्ष निक्सनने डॉलरबदली सोनं द्यायचं उरलंसुरलं दार लावलं. वाईट म्हणजे, मोडणार असा संशय आला की सगळे आधीच सोनं मागायला धावतात. १९३१ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये तेच झालं. सोनं टिकवायचं तर व्याजदर चढवायचे आणि खर्च कापायचा, तेही बेकारी आधीच माजलेली असताना. नौसैनिकांचा पगार कापायला घेतला, त्यांनी स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात बंड केलं, आणि आठवड्याच्या आत २१ सप्टेंबरला सुवर्णमान संपला. जे देश लवकर सुटले ते मंदीतून आधी सावरले, फ्रान्ससारखे चिकटून राहिलेले मागे पडले. माझ्या मते अर्थतज्ज्ञांच्या अविश्वासाचं मूळ इथे आहे. २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठाने नामवंत अमेरिकन अर्थतज्ज्ञांना विचारलं, सुवर्णमानाने सामान्य माणसाचं भलं होईल का? 'होईल' म्हणणारा एकही निघाला नाही. एरवी ही मंडळी कशावर एकमत करतात सांगा.

आणि आज बांधायचं तर कोणत्या भावाला? आजच्या, की पाच वर्षांपूर्वीच्या? भाव खाली धरला तर लोक दारात रांग लावून सोनं घेऊन जातील, वर धरला तर जगभरचं सोनं विकायला येईल आणि त्यासाठी नोटाच छापाव्या लागतील. चर्चिल अडकला तो याच प्रश्नात.

तुमच्या मामांचं म्हणाल तर (वकिलाला विचारा, मी फक्त पोळलेला आहे) देणं रुपयात लिहा आणि त्यावर ठेवीच्या दराने व्याज द्या. मामा सोन्यावरच अडले, तर वजन, कॅरेट आणि त्या दिवसाचा भाव तिन्ही कागदावर घ्या, आणि भाव दीडपटीवर गेला तर वरचा बोजा अर्धा-अर्धा, असं आत्ताच ठरवा. मी ठरवलं नव्हतं. सहा तोळे दिले, उरलेल्या चारांचे पैसे दोन वर्षं हप्त्याने फेडले, आणि मावशीच्या घरी अजून दिवाळीला जाताना जरा अवघडल्यासारखं होतं.